पाणी खारट होतं का?

फोंड्याच्या माझ्या दवाखान्यात तो आला ती २५ फेब्रुवारीची संध्याकाळ होती. वय ३४, वजन ६८ किलो, मडकईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंग मशीन बसवण्याचं काम. सहा दिवस ताप, सोबत कोरडा खोकला. रात्री खोकला वाढतो, झोप लागत नाही, अंग मोडून येतं, असं तो सांगत होता. मधले दोन दिवस जुलाबही झाले होते. बायको बरोबर होती आणि निम्मी उत्तरं तीच देत होती. (ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. आजाराशी ज्यांचा संबंध आहे त्या तशाच ठेवल्यात.)

हातात आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी तपासून व्हायरल म्हणून पॅरासिटामॉल आणि पाच दिवसांचं अझिथ्रोमायसिन दिलं होतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. शिगमा जवळ आला की थंडी उतरते, ऊन वाढतं, आणि घरोघरी कुणीतरी खोकतच असतं. त्यांनी प्रवासाचंही विचारलं होतं, चिठ्ठीवर तसं लिहिलेलं होतं: प्रवास नाही.

मी विचारलं, "गेल्या तीन महिन्यांत गोव्याबाहेर कुठे झोपलात?"

"मलावीत होतो ना, आफ्रिकेत. कंपनीचं मशीन बसवायला. पण ते जानेवारीत, डॉक्टर. येऊन महिना झाला."

आधीच्या डॉक्टरांनी "इतक्यात कुठे गेला होता का" असं विचारलं होतं. एक महिन्यापूर्वीची गोष्ट त्याच्या हिशेबात 'इतक्यात' बसत नव्हती. तो खोटं बोललाच नव्हता. म्हणून मी प्रश्नात मुदत घालते, आणि 'गेलात का' ऐवजी 'झोपलात का' विचारते. कामानिमित्त झालेली वारी आपल्या लोकांना प्रवास वाटत नाही. त्यांच्या मते प्रवास म्हणजे सहल.

कागदावर मी तारखा एकाखाली एक लिहिल्या. ३ जानेवारीला गोवा सोडलं. ब्लांटायर शहरात तीन आठवडे. २५ जानेवारीला मलावी सोडलं, २६ ला घरी. ताप आला १९ फेब्रुवारीला. म्हणजे तो देश सोडल्यानंतर २५ दिवसांनी.

या २५ आकड्याने बरीच कामं केली. फ्लू एक ते चार दिवसांत डोकं वर काढतो, कोविड आणि डेंग्यू साधारण दोन आठवड्यांच्या आत. तिकडून आणलेले असते तर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच दिसले असते. आता झाले असतील तर ते गोव्यातलेच. इबोला, मारबर्ग यांसारख्या रक्तस्रावी तापांची कमाल मुदत २१ दिवसांची आहे. आफ्रिकेचं नाव ऐकल्यावर माझ्या मदतनीस मुलीने घाईघाईने मास्क लावला होता. तिला मी हा हिशेब दाखवला. मास्क मात्र राहू दिला, कारण खोकणाऱ्या माणसाच्या बाबतीत फ्लू आणि क्षय अजून यादीत होते.

एक गोष्ट मात्र २५ दिवसांनीही यादीतून जात नव्हती, उलट सगळ्यात वर होती. फाल्सिपारम मलेरिया. जानेवारी म्हणजे मलावीतला पावसाळा, डासांचा हंगाम. डास चावल्यापासून सातव्या दिवसाच्या आधी हा मलेरिया सहसा दिसत नाही आणि बहुतेकांना महिन्याभरात गाठतो, पण दोन-तीन महिन्यांनीही येऊ शकतो. खोकला आहे म्हणजे मलेरिया नसेल, हा समज घातक आहे. मलेरियात खोकला आणि जुलाब दोन्ही असू शकतात, आणि हा मलेरिया उपचाराविना दोन दिवसांत माणूस नेऊ शकतो. आपल्याकडे आता मलेरिया क्वचित दिसतो, दिसला तर बहुधा व्हायवॅक्स हा त्यातला सौम्य प्रकार, त्यामुळे नव्या डॉक्टरांच्या मनात ती भीती उरलेली नाही.

"मलेरियाच्या गोळ्या घेतल्या होत्या?"

"कंपनीने डॉक्सी दिली होती. रोज घेत होतो. गोव्यात उतरल्यावर बंद केली. इथे कशाला?"

डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे घ्यायची असते. यकृतात लपलेले परजीवी या गोळीला फारसे बधत नाहीत. ते रक्तात उतरतात तेव्हा ती त्यांना मारते, म्हणून ते सगळे उतरेपर्यंत ती सुरू ठेवायची. ती मध्येच सोडली तर मलेरिया उशिरा आणि दबक्या पावलांनी येऊ शकतो. रक्ताच्या स्लाइडवर परजीवी इतके थोडे असतात की पहिल्या नजरेत सुटून जातात. म्हणून एक स्लाइड निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असं नसतं. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने तीन घ्यायच्या. त्याला त्याच रात्री दाखल केलं. पहिली स्लाइड आणि रॅपिड टेस्ट त्या संध्याकाळी, दुसरी २६ ला सकाळी, तिसरी २७ ला.

तपासताना ताप १०१.८ होता, नाडी ९८, ऑक्सिजन ९७. छातीत दोन्हीकडे थोडी शिट्टी वाजत होती. उजव्या बरगडीखाली दाबल्यावर तो कळवळला. पोटावर आणि मांड्यांवर गुलाबी, फुगलेले चट्टे होते.

"हे कधीपासून?"

"पित्त उठलंय," बायको म्हणाली. "तापाबरोबरच. येतं नि जातं. मी कोकमाचं आगळ लावते."

पित्त उठलंय, हे वाक्य मी दिवसाला चारदा ऐकते. त्या रात्री तरी मी ते नुसतं लिहून ठेवलं.

रात्री आलेला रिपोर्ट

पांढऱ्या पेशी १२,४००. त्यातल्या इओसिनोफिल ३१ टक्के, म्हणजे घन मिलिमीटरला सुमारे ३,८००. त्या ५०० च्या आत असायला हव्यात. प्लेटलेट व्यवस्थित, यकृताचा एक आकडा थोडा वर. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या खालच्या भागात धूसर, ठिपक्याठिपक्यांची छटा. तिसऱ्या दिवशीच्या जुन्या रिपोर्टात इओसिनोफिल ८ टक्के होत्या, आणि आपल्याकडे ८ टक्क्यांकडे कुणी दुसऱ्यांदा पाहत नाही. धूळ, दमा, पोटातले जंत, काहीही कारण असू शकतं. चार दिवसांत ८ चे ३१ झाले, हे मात्र पाहण्यासारखं होतं.

इओसिनोफिल या पेशींचा इतका भडका बहुतेकदा दोन कारणांनी उडतो: तीव्र ॲलर्जी किंवा शरीराच्या आत फिरणारा कृमी. मलेरियाचा परजीवी हा कृमी नव्हे, त्याने हा आकडा चढत नाही. डेंग्यू, टायफॉइड, साधा न्यूमोनिया यांत तर इओसिनोफिल बहुधा घटतात. म्हणजे या एका आकड्याने आमची अर्धी यादी मागे सरकली. मलेरियाच्या उरलेल्या स्लाइड तरीही घ्यायच्याच होत्या. एका माणसाला दोन आजार होऊ नयेत असा काही नियम नाही.

आता माझी चूक सांगते. कोकणपट्टीत शिकलेल्या डॉक्टरला रात्रीचा खोकला, छातीत शिट्टी आणि तीन हजारांवर इओसिनोफिल हे त्रिकूट दिसलं की एकच नाव आठवतं, ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया. हत्तीरोगाच्या कृमीला फुप्फुसाने दिलेली ती प्रतिक्रिया असते. उपचार सोपा आहे, डीईसी नावाच्या गोळ्या तीन आठवडे. मी केसपेपरवर 'डीईसी' लिहिलंसुद्धा. मग पेन थांबलं, कारण दोन गोष्टी पटत नव्हत्या. तो आजार आठवडे-महिने रेंगाळत वाढतो, सहा दिवसांत १०२ ताप घेऊन दारात येत नाही. आणि त्यात असं पित्त उठत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाटेजवळ खुर्ची ओढून बसले. मलावीत कुठे होतात, हे मला कळलं होतं. तिथे काय केलंत, हे विचारायचं राहिलं होतं.

कारखाना, हॉटेल, हॉटेल, कारखाना, असं तो सांगत राहिला. कच्चं मांस नाही, माती-चिखल नाही, जनावरं नाहीत, रुग्णालयात जाणं नाही. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ते बीचवरचे फोटो दाखवा ना डॉक्टरना. आम्हांला कामाचं सांगून तिकडे मजा करत होते."

मलावीला समुद्र नाही. तो देश चहूबाजूंनी जमिनीने वेढलेला आहे.

त्याने मोबाइल पुढे केला. वाळू, होड्या, निळंशार पाणी, पलीकडचा किनारा दिसतच नाही. तिघे मित्र, एक कयाक. एका फोटोत तो लव्हाळ्यांच्या कडेला छातीभर पाण्यात उभा होता आणि पाण्यातून निळे मासे दिसत होते. फोटोवर बोट ठेवून वर ओढलं की तारीख येते. १८ जानेवारी, शनिवार.

"पाणी खारट होतं का?"

तो क्षणभर विचारात पडला. "नाही. गोडं होतं. सरोवर आहे ते. पण बीचच म्हणतात तिथे."

केप मॅकलियर, मलावी सरोवराचं दक्षिण टोक. पोहायला जगभरचे पर्यटक येतात, आणि परतल्यावर काही जणांच्या लघवीत वा शौचात एका कृमीची अंडी सापडतात. रोगाचं नाव शिस्टोसोमियासिस, बोलीत बिल्हार्झिया. समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला वाळू आणि लाटा दिसल्या की ते समुद्राचंच पाणी वाटतं. या कृमीला मधला यजमान म्हणून लागणारी गोगलगाय मात्र गोड्या पाण्यातच जगते. खारट असतं तर मी हा धागा तिथेच सोडला असता.

"बाहेर आल्यावर अंगाला खाज सुटली होती?"

"हो, त्या रात्री. पायांवर बारीक पुरळ. वाळूतले किडे चावले असतील म्हणून सोडून दिलं. दोन दिवसांत गेलं."

पाण्यात काय घडलं

काठच्या उथळ, लव्हाळ्यांच्या पाण्यात गोगलगायी असतात. त्यांच्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या बाहेर पडतात आणि माणसाची कातडी मिळाली की काही मिनिटांत आत शिरतात. शेपटी बाहेरच गळते. जखम नको, पाणी प्यायला नको, अंग भिजलं की पुरे. त्या रात्रीची खाज ती हीच. पुढे ही पिल्लं रक्तातून फुप्फुसात जातात, तिथून यकृतात, तिथे मोठी होतात, नर-मादी जोडीने राहतात आणि मग आपल्या ठरलेल्या शिरांत मुक्काम करतात. मलावी सरोवरात मुख्यतः जी जात आढळते ती मूत्राशयाभोवतीच्या शिरांत राहते.

कृमी वाढायला आणि अंडी घालायला लागले की शरीर खवळतं. ताप, कोरडा खोकला, अंगावर पित्त, जुलाब, यकृत दुखणं, इओसिनोफिलचा भडका. हा संसर्ग झाल्यापासून दोन ते बारा आठवड्यांत येतो. याला कातायामा ताप म्हणतात, जपानच्या हिरोशिमाकडच्या एका भागावरून पडलेलं नाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या वैद्याने भातशेतीत राबणाऱ्या लोकांचा हा आजार लिहून ठेवला होता. आमच्या रुग्णाला पोहल्यापासून ताप येईपर्यंत ३२ दिवस लागले होते. हिशेब नेमका बसत होता.

सरोवराकाठी राहणाऱ्यांना हा ताप सहसा येत नाही, कारण लहानपणापासून त्यांच्या शरीराला या कृमीची ओळख असते. त्यांना जुना, मुरलेला आजार होतो. कातायामा ताप पाहुण्याला येतो. म्हणून काठावरचा कुणी "आम्ही रोज पोहतो, काही होत नाही" म्हणतो तेव्हा तो त्याच्यापुरतं खरं सांगत असतो.

हा आजार भारतात नाही, असं आपण शिकतो. पुस्तकात खाली एक तळटीप असते: १९५० च्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात याचे रुग्ण सापडले होते. परीक्षेत एक मार्क मिळवण्यापलीकडे मी त्या गावाचा कधी विचार केला नव्हता. बायकोने विचारलं तेव्हा मात्र ते आठवलं. "हे परत आल्यावर आमच्या देवळाच्या तळीत उतरले होते. गावात पसरेल का?" नाही. माणसाकडून माणसाला हा होत नाही. अंडी गोड्या पाण्यात पडायला हवीत आणि त्या पाण्यात विशिष्ट जातीची गोगलगाय हवी. ती साखळी इथे पुरी होत नाही. तिलाही धोका नाही, जेवणाखाण्यातून नाही, एकत्र झोपण्यातून नाही.

न सापडणारा पुरावा

निदान जमत आलं, पण हातात पुरावा नव्हता. तीन दिवस शौच तपासलं, दुपारच्या सुमाराची लघवी तपासली (या जातीची अंडी त्या वेळी जास्त पडतात), अंडी नाहीत. नसणारच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंडी पडायला जेमतेम सुरुवात होते, ती बाहेर दिसायला आणखी वेळ लागतो. रक्तातली प्रतिपिंडं पाहणारी चाचणी आमच्या नेहमीच्या लॅबच्या यादीत नव्हती. ओळखीच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी नमुना बाहेर पाठवायची सोय केली. तीही निगेटिव्ह आली. प्रतिपिंडं बनायलाही सहा ते बारा आठवडे लागू शकतात. इथे अनेकांचा घोळ होतो. या टप्प्यावर निगेटिव्ह रिपोर्ट रोग नसल्याचं सांगत नाही, फार लवकर तपासल्याचं सांगतो. निदान करायचं ते तारखा, पाणी आणि इओसिनोफिल यांवर.

मलेरियाच्या तिन्ही स्लाइड निगेटिव्ह आल्या होत्या. फ्लू-कोविडचा स्वॅब आणि टायफॉइडसाठीचं रक्ताचं कल्चरही निगेटिव्ह. क्षयासाठी बेडका मिळेना, तेव्हा एक्स-रे महिन्याने पुन्हा काढायचं ठरलं.

उपचाराचा मोह आवरणं हा यातला अवघड भाग. औषध आहे, प्राझिक्वान्टेल. पण ते वाढलेल्या कृमीला मारतं, अर्धवट वाढलेली पिल्लं त्यातून वाचतात. ताप असताना घाईने दिलं तर मेलेल्या कृमींमुळे प्रतिक्रिया आणखी उसळू शकते. म्हणून आधी आग शमवायची, कृमी नंतर. पाच दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलं, आणि त्याच्या आधी दोन दिवस आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध. का? आपल्या भागात स्ट्राँगिलॉइड नावाचा जंत पोटात गुपचूप असू शकतो, त्यानेही इओसिनोफिल वाढतात, आणि स्टेरॉइड दिलं की तो अंगभर पसरून जिवावर बेततो. प्रेडनिसोलोनच्या तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आठवड्यात खोकला थांबला, पित्त गेलं.

त्याला वाटलं, झालं. या आजारात माणूस हातचा सुटतो तो इथे. बरं वाटतं, कामावर जातो, आणि कृमी मूत्राशयाच्या शिरांत वर्षानुवर्षं अंडी घालत राहतात. मी त्याला दोन गोष्टी लिहून दिल्या: लघवीत रक्त दिसलं, किंवा पायांत अशक्तपणा येऊन लघवी अडली, तर फोन न करता थेट यायचं. दुसरी गोष्ट क्वचित घडते, पण अंडं मणक्यातल्या मज्जारज्जूत अडकलं तर तासांचा प्रश्न असतो.

५ एप्रिलला, पोहल्यापासून बरोबर अकरा आठवड्यांनी, तो ठरल्याप्रमाणे आला. एक्स-रे स्वच्छ होता, इओसिनोफिल ११ टक्के. दुपारची लघवी यंत्रात फिरवून खालचा गाळ काचेवर घेतला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी मला बोलावलं. लांबट, पारदर्शक, मधाच्या रंगाचं अंडं, एका टोकाला बाभळीच्या काट्यासारखा छोटा काटा. काटा टोकाला असला की मूत्राशयाची जात, कडेला असला की आतड्याची. इतकी वर्षं चित्रात पाहिलेला काटा मी पहिल्यांदा भिंगाखाली पाहत होते. संपूर्ण गाळात अंडी तीनच होती.

प्राझिक्वान्टेल किलोला ४० मिलिग्रॅम. ६०० च्या साडेचार गोळ्या, एका दिवसात दोन हप्त्यांत, जेवणानंतर. संध्याकाळभर त्याला गरगरलं, पोट ढवळलं, दुसऱ्या दिवशी कामावर. सहा आठवड्यांनी दुसरी मात्रा.

फोटोत आणखी दोघे होते. एक सावंतवाडीचा, एक बेळगावचा. दोघांनाही ताप आलेला नव्हता, तरी मी बोलावून घेतलं. सावंतवाडीकर भरपूर पोहला होता. त्याच्या लघवीत अंडी सापडली, तोवर त्याला एक शिंकही आली नव्हती. बेळगावकर म्हणाला, "मला पोहताच येत नाही. मी पाण्यात गेलोच नाही, डॉक्टर."

पुन्हा मोबाइल काढला. सातव्या फोटोत तो पँट दुमडून, गुडघाभर पाण्यात, कयाकची दोरी धरून उभा होता. त्याची रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली. त्याचं वजन ७५ किलो, म्हणून पाच गोळ्या.